नाताळचं पिल्लू मे महिन्यात ठरतं

बोरिवलीतली बेकन फॅक्टरी आणि गोरेगावच्या आरे कॉलनीतलं डुक्कर पैदास केंद्र ही नावं आजच्या उपनगरवाल्यांना सांगितली, तर अर्ध्याअधिक लोकांना ती थट्टा वाटेल. पण दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात देशात सुधारित डुक्करपालनाचा जो सरकारी आराखडा आखला गेला, त्यात अलीगढ, हरिणघाटा, गन्नावरम यांच्याबरोबर मुंबईची ही उपनगरंही होती. विलायती पांढऱ्या यॉर्कशायर जातीचे नर वाढवायचे, त्यांची पैदास पाळणाऱ्यांपर्यंत पोचवायची आणि तयार जनावर कारखान्यात घ्यायचं, अशी ती साखळी होती. बोरिवलीचा कारखाना पुढे मॅफ्कोच्या नावाने ओळखला गेला. मॅफ्कोचा पसारा आता आवरला गेला आहे आणि त्या बाजूच्या जमिनींवर टॉवर उभे आहेत.

पाळणारे मात्र पूर्णपणे संपले नाहीत. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८च्या कायद्यानुसार आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय पालिकेच्या हद्दीत डुकरं ठेवता येत नाहीत. त्यामुळे मरोळ, कोंडिविटा, कुर्ला इथल्या गावठाणांत घरामागे असणारी खुराडी गेली आणि उरलेला धंदा खाडीपलीकडे, उत्तन-वसईच्या दिशेने सरकला. गिऱ्हाईक मात्र इथलंच आहे. ईस्ट इंडियन घरांत सोरपोटेल आणि इंदियाल वर्षभर होतं, पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जी मागणी येते तिची बरोबरी कुठलाच महिना करत नाही. त्यातही अख्खं भाजायचं कोवळं पिल्लू हा वेगळाच व्यवहार असतो. ते सुमारे आठ आठवड्यांचं लागतं. फार मोठं झालं की ते घरच्या ओव्हनमध्ये मावत नाही आणि गिऱ्हाईकही हात आखडता घेतं.

ऑक्टोबरअखेरच्या दिवसांत ही पिल्लं जन्माला येत असतील, किंवा यायला हवी असतील आणि येत नसतील. ती का येत नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा नराकडे असतं. छोट्या युनिटमध्ये नर कसा सांभाळावा आणि मादीला नर लावावा की कृत्रिम रेतन करावं, हा प्रश्न एरवी गोलमोल वाटतो. नाताळची तारीख पुढ्यात ठेवून उलटं मोजायला लागलं की तो एकदम नेमका होतो.

२५ डिसेंबरपासून मागे

डुकरिणीचा गाभणकाळ ११४ दिवसांचा असतो. पाळणारे तो तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा लक्षात ठेवतात. नाताळला आठ आठवड्यांचं पिल्लू हवं असेल, तर ते ३० ऑक्टोबरच्या आसपास जन्मलं पाहिजे. म्हणजे मादी ८ जुलैच्या सुमाराला फळली पाहिजे. पिल्लं आईपासून तोडली की चार ते सात दिवसांत मादी पुन्हा माजावर येते. तेव्हा आधीच्या वितीची पिल्लं २ जुलैला तोडायची. इथपर्यंतचा हिशेब पाळणाऱ्या प्रत्येक घरात तोंडपाठ असतो.

त्याच्या मागची एक पायरी मात्र फारसं कुणी मोजत नाही. नराच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला साधारण चाळीस दिवस लागतात. त्यानंतर ते नळीच्या लांबलचक वेटोळ्यातून प्रवास करत पक्व होतात, त्याला आणखी दहा दिवस. म्हणजे ८ जुलैला नराने जे रेत दिलं, त्याची घडण १९ मेच्या आसपास सुरू झालेली असते.

मेचा उत्तरार्ध मुंबईत कसा असतो, हे सांगायला नको. पारा तेहतीस-चौतिसावर, हवेत दमटपणा, रात्रीही उतार नाही आणि मान्सून यायला ११ जून ही सरासरी तारीख. डुकराला माणसासारखा घाम येत नाही. पत्रा तापलेल्या खुराड्यात दोनशे किलोचा नर दुपारभर धापा टाकत पडलेला असतो. तापमान सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर टिकून राहिलं की त्याच्या रेताचा दर्जा घसरायला लागतो. दमट हवेत तो आणखी लवकर घसरतो. घसरण लगेच दिसत नाही, कारण उन्हाच्या झळेत सापडलेले शुक्राणू अर्धवट घडलेले असतात आणि बाहेर यायला त्यांना वेळ लागतो. झळ बसल्यानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंतचं रेत कमकुवत निघतं. मेअखेरच्या उकाड्याचा परिणाम त्यामुळे जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत दिसतो. नाताळच्या पिल्लासाठी नर लावण्याचे दिवस नेमके तेच.

तोवर पाऊस पडून गेलेला असतो, हवा थंड झालेली असते, नर खातो-पितो, मादीवर चढतो. पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. मग एकवीस दिवसांनी मादी पुन्हा माजावर येते आणि ‘ही मादी उलटते’ असा शिक्का तिच्यावर बसतो. दोन मादी उलटल्या की एक कसायाकडे जाते. गोराईच्या बाजूला वर्षानुवर्षं डुकरं पाळणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांकडे बसून त्यांची वही चाळली, तेव्हा हेच दिसलं. हिवाळ्यात लावलेल्या मादी सहसा एका फेरीत गाभण राहिल्या होत्या आणि पावसाळ्याच्या तोंडाला लावलेल्यांपुढे दुसरी, तिसरी तारीख पडलेली होती. नर तोच होता.

“अंकल, नर तपासून घेतला का कधी?” असं विचारल्यावर ते हसले. “चढतो ना बरोबर? मग आणि काय तपासायचं?”

चढणं आणि फळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नैसर्गिक पद्धतीत नराचं रेत कुणाच्या दृष्टीलाच पडत नाही, हीच तिची सगळ्यात मोठी अडचण.

नर लावताना

नैसर्गिक पद्धतीला कमी लेखण्याचं कारण नाही. नीट केली तर ती उत्तम चालते आणि तिला ना फ्रिज लागतो, ना नळी. पण ‘नराला मादीत सोडून दिलं’ म्हणजे नर लावला असं होत नाही.

मादी नराकडे न्यायची, नर मादीकडे नाही. परक्या खुराड्यात गेलेला नर आधी कोपरे हुंगत, मुतत, दावा सांगत फिरतो आणि त्यात वेळ जातो. जागा अडीच बाय तीन मीटरची, मोकळी आणि मुख्य म्हणजे न घसरणारी हवी. पावसाळ्यात शेवाळलेल्या कोब्यावर नराचा मागचा पाय एकदा घसरला, की पुढे चढताना तो बिचकतो किंवा लंगडा होऊन कायमचा बाद होतो. खाली रेती, भुसा किंवा जुनी रबरी मॅट टाकली की हा धोका टळतो. वेळ पहाटेची, खाणं घालण्याआधीची.

वजनाचा मेळ ही दुसरी गोष्ट. नर अडीचशे किलोचा आणि पहिलटकरीण एकशेवीस किलोची असेल, तर तिच्या पायांवर आणि कमरेवर तो भार जातो. ती खाली बसते आणि पुढच्या वेळी माज असूनही उभी राहत नाही. त्यासाठी लाकडी चौकट असते. तिच्यात मादी उभी राहते आणि नराचे पुढचे पाय बाजूच्या फळ्यांवर टेकतात.

नर चढला की जवळच्या माणसाने पाहायचं की लिंग योग्य जागी जातंय. कोवळ्या मादीत ते गुदद्वारात जाण्याचे प्रकार घडतात. लांबून पाहणाऱ्याला काम झाल्यासारखं वाटतं आणि मादी रिकामीच राहते. नराच्या लिंगाचं टोक स्क्रूसारखं पीळदार असतं. ते मादीच्या गर्भाशयमुखाच्या वळ्यांमध्ये अडकतं आणि तो दाब बसल्याशिवाय रेत सुटत नाही. एकदा अडकलं की नर शांत होतो आणि पाच ते दहा मिनिटं तसाच राहतो. घाई झालेला माणूस याच वेळी त्याला हाकलतो. दहा मिनिटं कुणी मध्ये पडू नये, एवढं जरी पाळलं तरी बरंच साधतं.

आठ महिन्यांच्या आधी नर वापरायचा नाही. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा आणि तेही आधी व्यालेल्या, शांत मादीवर. वर्ष उलटल्यावर आठवड्यातून चार-पाचदा चालतो, मध्ये सुट्टी देऊन. आणि तो कितीही माणसाळलेला असला, तरी त्याच्याकडे पाठ करायची नाही. आत जाताना हातात आडवी फळी असावी. सुळे वेळच्या वेळी कापलेले असावेत.

रिकामा नर, दमलेला नर

आता दहा मादींचं युनिट धरू. प्रत्येक मादी वर्षाला सरासरी दोनदा व्याली, तर वीस विती झाल्या. दर पाचातली एक फेरी फुकट जाते असं धरलं, तर पंचवीस वेळा मादी दाखवावी लागते. प्रत्येक माजात दोनदा नर लावायचा, म्हणजे वर्षात पन्नास वेळा. आठवड्याला सरासरी एकदा.

एवढ्या कामासाठी नर रोज अडीच किलो खाद्य खातो. वर्षाचं नऊशे बारा किलो. एका चढीमागे अठरा किलो आणि एका वितीमागे पंचेचाळीस किलो खाद्य नुसतं नराचं. पाच मादी असतील तर हाच आकडा दुप्पट. गोराईचे अंकल ते आपल्या भाषेत सांगतात, “खायला मादीएवढंच घालायचं, आणि पिल्लं तर ती देते.”

सरासरी पाहिली तर नर रिकामा बसलेला दिसतो. पण नाताळचा माल धरायचा असेल, तर पिल्लं एकाच दिवशी तोडावी लागतात. २ जुलैला चार मादींची पिल्लं तोडली, की त्या चौघी ६ ते ९ जुलैच्या दरम्यान माजावर येतात. प्रत्येकीला दोनदा म्हणजे तीन-चार दिवसांत आठ वेळा. एका नराच्या अंगाबाहेरचं ते काम आहे. पहिल्या तीन-चार चढींनंतर रेत पातळ होत जातं. शेवटच्या मादीच्या वाट्याला काय आलं, ते तिच्या पिल्लांच्या संख्येवरून नोव्हेंबरच्या तोंडावर कळतं. म्हणजे नर एक तर वर्षभर बसून खातो, नाही तर ऐन चार दिवसांत कमी पडतो. दुसरा नर ठेवला, तर खाद्याचा हिशेब दुप्पट होतो.

कृत्रिम रेतन छोट्या युनिटच्या कामाला येतं ते इथे. परदेशी जातीचं रेत वगैरे नंतरच्या गोष्टी. घरच्याच नराचं एका दिवसाचं रेत विभागून चार मादींना देता येणं, हा त्याचा पहिला आणि रोखठोक फायदा.

एका रेताचे तेरा भाग

रेत काढायला नराला डमीवर चढायला शिकवावं लागतं. डमी म्हणजे जमिनीला पक्का रोवलेला, मादीच्या उंचीचा लाकडी किंवा लोखंडी ठोकळा, वर जुनं गोणपाट. त्यावर माजावरच्या मादीचं मूत किंवा दुसऱ्या नराची लाळ चोळली की तरुण नर हुंगत जवळ येतो. रोज पंधरा मिनिटं, त्याच वेळी, त्याच माणसाने. काही नर दोन-चार दिवसांत शिकतात, काहींना बरेच दिवस लागतात. आठ-दहा महिन्यांचा नर पटकन शिकतो. वर्षानुवर्षं मादीवरच चढलेला वयस्कर नर बहुधा डमीकडे ढुंकूनही बघत नाही.

नराच्या लिंगाच्या आवरणात एक पिशवी असते आणि तिच्यात कुजकं, उग्र वासाचं मूत साठलेलं असतं. डमीवर चढण्याआधी ती दाबून रिकामी करायची आणि जागा कोरडी पुसायची. त्या मुताचा थेंब रेतात पडला तर सगळं रेत वाया. हातमोजा विनाइलचा घ्यायचा, रबरी लॅटेक्सचा नाही, कारण लॅटेक्स शुक्राणूंना मारतं. लिंगाचं पीळदार टोक मुठीत घट्ट धरलं, की गर्भाशयमुखाचा दाब मिळाल्यासारखं वाटून नर स्थिर होतो. पहिले दहा-पंधरा मिली पाण्यासारखे आणि घाणेरडे असतात, ते जाऊ द्यायचे. त्यानंतर दुधासारखं दाट पांढरं येतं, ते घ्यायचं. बरोबर भिजलेल्या साबुदाण्यासारखे चिकट गोळे येतात, ते थर्मासच्या तोंडावर ताणलेल्या जाळीच्या कापडात अडकतात. थर्मास आधी सदतीस अंशांना कोमट केलेला असावा. त्यात पाण्याचा किंवा साबणाचा अंशही नको आणि वर थेट ऊन नको.

आता रेत डोळ्यांसमोर आहे. गुलाबी झाक असेल तर रक्त, पिवळी असेल तर मूत किंवा पू. ते फेकायचं. रंग ठीक असेल, तर कोमट काचपट्टीवर एक थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. शंभरातले सत्तर तरी शुक्राणू पुढे सरकताना दिसले पाहिजेत. जूनअखेर ही तपासणी केली असती, तर अंकलच्या वहीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखांचं कारण त्याच सकाळी कळलं असतं. म्हणून कृत्रिम रेतन करायचं नसलं, तरी जून-जुलैत नराचं रेत एकदा काढून पाहण्यासारखं आहे.

आता वाटणी. गाळलेलं रेत दोनशे मिली मिळालं आणि मोजणीत दर मिलीला पंचवीस कोटी शुक्राणू निघाले, तर एकूण पाच हजार कोटी झाले. त्यातले ऐंशी टक्के हालते धरले, तर चार हजार कोटी. एका मात्रेला तीनशे कोटी लागतात. म्हणजे तेरा मात्रा. प्रत्येक मात्रा ऐंशी मिलीची करायची, तर एकूण एक हजार चाळीस मिली द्रव हवा, म्हणजे आठशे चाळीस मिली डायल्यूटर. चार मादींना आठ मात्रा, उरलेल्या पाच उशिरा माजावर येणारीसाठी किंवा शेजाऱ्यासाठी. मोजायची काचपट्टी आणि ती वापरणारं माणूस नसेल, तर तेराचा मोह धरू नये. पाच-सहा मात्रा करून थांबावं. दाट मात्रेने नुकसान होत नाही, पातळ मात्रेने मादी उलटते.

डायल्यूटरचं सर्वांत रुळलेलं सूत्र अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल संशोधन केंद्रातलं आहे. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सदतीस ग्रॅम ग्लुकोज, सहा ग्रॅम सोडियम सायट्रेट, सव्वा-सव्वा ग्रॅम खाण्याचा सोडा आणि ईडीटीए, पाऊण ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, शिवाय जिवाणू मारणारं औषध. तयार पुड्याही मिळतात. डायल्यूटर रेताच्याच तापमानाला आणून हळूहळू रेतात ओतायचा. दोन्हींच्या तापमानात एक-दोन अंशांहून जास्त फरक नको.

साठवण हा सगळ्यांत नाजूक टप्पा आहे, कारण इथे गायी-म्हशींचा अनुभव उपयोगाचा नाही. बैलाचं रेत द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून वर्षानुवर्षं टिकतं. डुकराचं रेत गोठवलं की त्याची फळवण्याची ताकद बरीच खालावते, म्हणून रोजच्या कामात ते द्रव रूपातच वापरतात आणि सतरा अंशांना ठेवतात. पंधराच्या खाली गेलं की शुक्राणूंना थंडीचा धक्का बसतो. घरातल्या फ्रिजचा खालचा कप्पा चार-पाच अंशांचा असतो. तिथे रात्रभर ठेवलेली बाटली सकाळी दिसायला तशीच असते आणि आत सगळं मेलेलं असतं. उलट जुलैतल्या मुंबईत ओट्यावर ठेवली, तर तीस अंशांत तिचा जीव काही तासांचा. त्यामुळे सतरा अंशांवर स्थिर राहणारी छोटी पेटी ही या कामातली खरी गुंतवणूक आहे. नळ्या-बाटल्या तुलनेने किरकोळ. बाटल्या आधी तास-दोन तास खोलीत सावकाश निवू द्यायच्या, मग पेटीत आडव्या ठेवायच्या आणि सकाळ-संध्याकाळ हलक्या हाताने उलट्या करायच्या, म्हणजे तळाशी साका बसत नाही. या सूत्रात रेत तीन दिवस चांगलं राहतं.

नराशिवाय माज कळत नाही

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मग रेत विकत आणावं आणि नर ठेवूच नये. छोट्या युनिटचा घात इथे होतो. रेत बाटलीतून येतं, माज बाटलीतून येत नाही.

माजावरची मादी ओळखायची खूण म्हणजे तिची कमर दाबली की ती दगडासारखी स्थिर उभी राहते आणि कान टवकारते. पण नुसत्या माणसाने दाबून पाहिलं, तर माजावर असलेल्या मादींपैकी जवळपास निम्म्याच अशा उभ्या राहतात. नर समोर आणला, त्याचा घुरघुराट ऐकू आला, त्याच्या लाळेचा फेस आणि वास तिच्या नाकाशी आला, की बाकीच्याही उभ्या राहतात. त्या लाळेतल्या घटकाचा वास स्प्रेच्या बाटलीतही मिळतो आणि काही प्रमाणात उपयोगी पडतो, पण जिवंत नराची सर त्याला नाही.

म्हणून नर हवाच. मात्र तो अडीचशे किलोचा उत्तम जातीचाच असायला हवा असं नाही. हलका, वयाने मोठा, भरपूर लाळ गाळणारा आणि शांत नर माज ओळखायला पुरतो. चुकून चढला तर पिल्लं नकोत, म्हणून त्याची नसबंदी करून ठेवतात. नसबंदीने त्याचा वास आणि आवाज जात नाही, तो खच्ची केल्याने जातो. हा नर मादींच्या लगत बांधायचा नाही. रोज शेजारी दिसणाऱ्या नराची मादीला सवय होते आणि ती प्रतिसाद देणं कमी करते. दूर ठेवून सकाळ-संध्याकाळ गजांपलीकडून नाकाला नाक लागेल असा फिरवून आणायचा.

रेतन करतानाही हाच नर समोर उभा हवा. मादीच्या पाठीवर वजन ठेवायचं, बाहेरचा भाग कोरडा पुसायचा, नळीच्या टोकाला जेल लावायचं. नळी आत घालताना टोक वरच्या बाजूला तिरकं ठेवायचं, नाही तर ती मूत्राशयाच्या वाटेला लागते. पीळदार टोकाची नळी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत नेली की गर्भाशयमुखात अडकते. हलकं ओढून पाहिलं तर सुटत नाही, ही खूण. मग बाटली जोडून वर धरायची आणि थांबायचं. गर्भाशय आपणहून रेत ओढून घेतं, त्याला तीन ते पाच मिनिटं लागतात. बाटली पिळली की रेत मागे गळतं. मादीखाली थारोळं दिसलं, तर बाटलीवरच्या मात्रेचा हिशेब सोडून द्यावा.

वेळेचं गणितही वेगळं आहे. नर लावताना मादी उभी राहिली की लावली, एवढं पुरतं, कारण नर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर असतो. बाटलीतल्या मोजक्या रेताला ती चैन नसते. व्यालेल्या मादीचा माज साधारण दोन ते अडीच दिवस टिकतो आणि बीज त्याच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या सुरुवातीला सुटतं. पिल्लं तोडल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी माजावर आलेल्या मादीला पहिली मात्रा चोवीस तासांनी आणि दुसरी त्यानंतर बारा ते चोवीस तासांनी देतात. सहाव्या दिवसानंतर आलेलीचा माज आखूड असतो, तिला ताबडतोब द्यायची. पहिलटकरणीला बारा तासांनी आणि मग पुन्हा बारा तासांनी. माज कधी सुरू झाला हेच माहीत नसेल, तर यातलं काहीच करता येत नाही. म्हणून दिवसातून दोनदा नर फिरवणं आणि वहीत वेळ टिपणं हा कृत्रिम रेतनाचा निम्मा भाग आहे. नीट केलं तर गाभण राहण्याचं प्रमाण आणि पिल्लांची संख्या नर लावल्याइतकीच येते. ढिलाई झाली तर त्याहून कमी येते.

फिरता नर आणि आजार

गावठाणातल्या जुन्या पद्धतीत एक नर चार घरी फिरायचा आणि मोबदल्यात एक पिल्लू मिळायचं. खर्च वाटला जायचा, पण आजारही वाटला जायचा. ब्रुसेला, डुकरांचा क्लासिकल स्वाइन फिव्हर, लेप्टोस्पायरा हे सगळे नराबरोबर खुराड्यातून खुराड्यात जातात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईकरांना लेप्टो हा शब्द पाठ झाला, पण तो उंदरांशी जोडला गेला. डुक्करही तो मुतातून सोडतं आणि माद्या त्यामुळे गाभडतात. पावसाळ्यात, पाणी साचलेल्या आवारात नर फिरवणं म्हणूनच सगळ्यांत वाईट.

बाटली फिरवली तर हा धोका बराच कमी होतो, संपत नाही. आजारी नराचं रेतही आजार नेतं. २०२०मध्ये ईशान्य भारतात आफ्रिकन स्वाइन फिव्हरची पहिली नोंद झाली. त्याला लस आपल्याकडे वापरात नाही, आणि त्याचा विषाणू रेतातही सापडतो. हॉटेलचं उरलंसुरलं न उकळता घालणाऱ्या युनिटमधून नरही घेऊ नये आणि बाटलीही घेऊ नये.

बाहेरचं रेत आणण्याचं दुसरं सबळ कारण म्हणजे नातं. घरच्या मादी पिल्लांतून निवडून वाढवल्या, तर दीड-दोन वर्षांत त्याच नरापुढे त्याच्या लेकी येतात. तिथून पिल्लं कमी आणि अशक्त होऊ लागतात. तेव्हा नर बदलायचा किंवा रेत बदलायचं. आपल्या बाजूला या कामात गोवा पुढे आहे. जुन्या गोव्यातल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने तिथल्या छोट्या पाळणाऱ्यांपर्यंत डुकरांचं कृत्रिम रेतन नेलं आहे, आगोंद गोवन या स्थानिक जातीवरही तिथे काम झालं आहे. गुवाहाटीजवळच्या राणी इथलं राष्ट्रीय वराह संशोधन केंद्रही हेच काम करतं. तीन दिवस टिकणाऱ्या रेताला कोकण रेल्वेची एक रात्र जड नाही. बाटली सतरा अंशांना राहिली पाहिजे, एवढंच.

मग काय करायचं?

चार-पाच मादी असतील आणि जवळपास तीन-चार पाळणारे असतील, तर प्रत्येकाने पूर्ण नर पोसणं तोट्याचं आहे. सगळ्यांत मिळून एक चांगला नर, डमीवर शिकवलेला आणि रक्त तपासलेला, एकाच जागी ठेवावा. त्याच्या जागेवरून बाटल्या फिराव्यात, तो फिरू नये. प्रत्येकाकडे माज दाखवणारा हलका नर हवा. दहाच्या आसपास मादी असतील, तर एरवी नर लावावा आणि जुलैच्या त्या चार दिवसांसाठी त्याचंच रेत काढून वाटावं. दोन्ही पद्धती एकाच युनिटमध्ये सुखाने नांदतात. दिवसातून दोनदा माज पाहायला माणूस नसेल, तर कृत्रिम रेतनाच्या वाटेला जाऊ नये, साधा नर लावावा आणि त्याच्या सुट्ट्या पाळाव्यात.

आणि कुठलीही वाट धरली, तरी मेमध्ये नराला सावली द्यावी. पत्र्यावर पांढरा रंग आणि ओलं गोणपाट, खुराड्यात पंखा आणि मानेवर-खांद्यावर ठिबकणारं पाणी. नुसते फवारे दमट हवेत फारसे कामाचे नाहीत, अंगावरचं पाणी उडायला वारा लागतो. नराला मेमध्ये ताप आला असेल, तर ती तारीख वहीत लिहावी आणि पुढचे सात आठवडे त्याच्या भरवशावर मोठी फेरी लावू नये. अंकलने निघताना विचारलं, “म्हणजे मादी नाही, नर बदलू?” नर बदलण्याआधी येत्या मेमध्ये त्याच्या खुराड्यात पंखा लावावा आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात एक थेंब काचपट्टीवर पाहावा. त्या थेंबात हालचाल नसेल, तर रेत बाहेरून आणायला तेव्हाही आठवडाभर हाताशी असतो. ऑक्टोबरच्या शेवटी कळून मात्र उपयोग नसतो.